आठ दिवसांची रजा

अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे रजेचे अर्ज साहेबांपुढे ठेवतेय. कोणाची किती रजा शिल्लक, कोणाच्या जागी कोण बसणार, सगळं तोंडपाठ. पण स्वतःचा अर्ज घेऊन केबिनच्या दाराशी गेले आणि दोनदा माघारी फिरले. मावसबहिणीचं लग्न. जायला दोन दिवस, यायला दोन, तिथे चार. मागच्या साली स्टोअरचे भाऊसाहेब असेच लांबच्या गावी गेले. परत आले तर त्यांच्या खुर्चीवर दुसराच बसलेला.

पण न जाऊन कसं चालेल? आई गेली तेव्हा मावशीनं मला घरी नेलं आणि या पोरटीनं आपला अर्धा पलंग मला दिला. "ताई, तू नाही आलीस तर बघ," असं फोनवर म्हणाली आणि रडायलाच लागली.

एरवी साहेब दोन दिवसांसाठी दहा प्रश्न विचारतात. आज अर्ज नीट वाचलासुद्धा नाही, सही ठोकली.

"आठ कशाला, दहा घ्या. फक्त तुमचं काम त्या नवीन मुलीला लिहून द्या. बारीकसारीकही सोडू नका. बघू या, तिला कसं जमतंय."

आणि हसले. मेलं ते हसणं! मला भाऊसाहेबांची खुर्चीच आठवली.

जागेवर येऊन लिहायला बसले. अकरा वर्षं दीड पानात संपली. एवढीच का गं बाई मी? एकच गोष्ट उरली होती. रात्रपाळीचे पहारेकरी संध्याकाळी येतात, सकाळी जातात. मध्ये तारीख बदलते, म्हणून हजेरीचं मशीन त्यांना गैरहजर धरतं. पंचवीस तारखेला, म्हणजे माझ्या रजेतच, पगाराची फाईल वर जाण्याआधी प्रत्येकाची हजेरी हाताने दुरुस्त करावी लागते. हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी ते लिहिलंच नाही. होऊ दे बोंबाबोंब, मग आठवण येईल माझी.

मुलीनं कागद दोनदा वाचला.

"ताई, काही राहिलं नाही ना? दोन दिवस जेवण जात नाहीये मला. चुकलं तर साहेब काढतील. घरात मी एकटीच कमावती."

"एवढंच आहे," मी म्हटलं.

"हुश्श! तुम्ही म्हणालात म्हणजे झालं."

एवढा विश्वास ठेवायचा का गं कोणावर? मला तिचा रागच आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"आण तो कागद इकडे."

राहिलेलं लिहिलं. शेजारी बसवून एका पहारेकऱ्याची हजेरी दुरुस्त करून दाखवली. दुसऱ्याची तिनंच केली, मला न विचारता.

"सोपं आहे की, ताई!"

"हो गं. सोपंच आहे."

मग जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला. रजा मिळाली म्हटल्यावर ती किंचाळलीच.

"किती दिवस राहशील?"

"तू म्हणशील तितके," मी म्हटलं.