सतरा नंबर

आठवीच्या बाई जूनमध्ये बदली होऊन गावात आल्या. ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीचं परिपत्रक आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी ते त्यांच्याच गळ्यात मारलं. "पालकांना समजावून सांगा. मी वाचलं की लोक झोपतात."

शनिवारी सकाळी आठवीच्या वर्गात वीस-बावीस पालक जमले. मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून कसेबसे बसले.

"'सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेले प्रमाणपत्र' म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे तीन हेलपाटे," मागून शिंपीकाका म्हणाले. हशा पिकला.

"एका हेलपाट्यात होईल. उत्पन्नाचा दाखला कचेरीचाच लागतो, सरपंचांच्या चिठ्ठीवर भागत नाही. आणि यंदाचाच हवा. खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं. मागच्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप मिळत नाही, अर्ज पुन्हा भरायचा. पाचवी ते दहावी, एका घरातली दोनच मुलं. आणि हजेरी शंभरात पंचाहत्तर."

तिसऱ्या बाकावरची एक आई उभी राहिली. अंगावर कारखान्याचा निळा डगला, कामावरून तशीच आलेली. "माझी धाकटी यंदा पाचवीत गेली. तिचा अर्ज भरायचाय."

बाईंनी जुनी यादी पाहिली. "ताई, तुमच्या दोघी आधीच यादीत आहेत. मधली सहावीत, मोठी माझ्याच वर्गात. तिसरी नाही बसणार हो."

वर्गातली कुजबुज थांबली. बाईंना वाटलं, नियम कुणाला पटला नाही. म्हणून त्यांनी समजुतीच्या सुरात पुढे सांगितलं, "मोठीचं मात्र बिनघोर होईल. सतरा नंबर ना? तिचा एकही खाडा नाही. सगळ्या वर्गात तिचीच हजेरी पूर्ण आहे."

शिंपीकाकांनी मान खाली घातली. दारातला शिपाई लगबगीनं पुढे आला आणि बाईंच्या कानाशी पुटपुटला, "बाई, ती पोरगी मे महिन्यात गेली. तापानं."

बाईंचा हात हजेरीपटावर होता. त्यांनी तो उघडला. सतरा नंबरसमोर जूनपासून ओळीनं 'ह' होता, त्यांच्याच अक्षरात. रोज सकाळी खिडकीकडून येणारा आवाज त्यांना आठवला. "हजर, बाई." जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. नंबर घेताना त्या मान वर करत नसत.

"खरंच येते ती?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात रडू नव्हतं. बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"मी... मला आवाज येतो," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

आईनं खिडकीकडे पाहिलं. तिथल्या बाकावर दोन पालक बसले होते. ते न सांगता उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"साध्या भाषेत सांगा, बाई. काय केलं तर धाकटीचं होईल?"

बाईंनी परिपत्रक हातात घेतलं. "विद्यार्थी हयात नसेल तर पालकांनी तसा अर्ज द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला. मग तिचं नाव कमी होतं आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला जागा मिळते."

"दाखला आहे. आणला नव्हता मी शाळेत. वाटलं, पटावर तरी असू दे." तिनं पटाकडे पाहिलं. "नाव कमी केलं की हाक मारणार नाही ना तुम्ही?"

"नाही मारता येणार."

आई खिडकीजवळच्या रिकाम्या बाकापाशी गेली. कडेला हात टेकून उभी राहिली, कुणी काही सांगत असेल तसा कान देऊन. बाहेर वारा नव्हता, तरी खिडकीची झडप हळूच आत आली आणि तशीच राहिली.

"बरं," ती कुणाला तरी म्हणाली. मग टेबलाकडे आली. "द्या कागद. सही येते मला."

दुपारी ती दाखला घेऊन पुन्हा आली. बाईंनी पटावर लाल रेघ मारली. जूनपासूनचे 'ह' कसे पडले, याचा खुलासा मुख्याध्यापकांनी लेखी मागितला. बाईंनी लिहिलं, 'माझ्याकडून चूक झाली.' दुसरं काय लिहिणार?

सोमवारी त्यांनी सोळानंतर अठरा म्हटलं. अठरा नंबरच्या मुलीनं उत्तर दिलं नाही. ती खिडकीकडे बघत होती.

"काय गं?"

"काही नाही, बाई. आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रोज सतरा म्हणायचात, थांबायचात आणि 'ह' मांडायचात. आम्हाला कुणालाच काही ऐकू यायचं नाही."

बाईंनी खडू उचलला. फळ्याकडे वळून त्यांनी तारीख लिहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मंजुरी आली. धाकटीचं नाव यादीत होतं.