विषय: तुझा पहिला पगार, आधी बाजूला काढणेबाबत

आईने आयुष्यभर एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. त्यामुळे पोराला पहिला पगार मिळणार हे कळल्यावर तिने ताव घेतला, समास सोडला आणि लिहिलं:

*प्रति, चिरंजीव.*
*विषय: पहिला पगार व त्याची विल्हेवाट.*
*संदर्भ: आपले दूरध्वनीवरील संभाषण, "आई, ठेवतो आता, बिल आलं."*

बाबांनी खांद्यावरून डोकावून विचारलं, पोराला पत्र लिहितेयस की नोटीस काढतेयस? बाबांचं पंपाच्या मोटारींना तार गुंडाळून द्यायचं, वाइंडिंगचं दुकान होतं. ते बोलायचे कमी, पण बोलले की तांब्याची तार टोचावी तसं टोचायचं.

आई म्हणाली, पोरगं फोनवर ऐकत नाही, लेखी दिलं की ऐकतं. आणि ते खरंच होतं. पोरगं लहानपणापासून आज्ञाधारक, नको तितकं. "दूध उतू जातंय का बघ" म्हटलं तर शेवटपर्यंत बघत उभं राहणारं. आता ते दुसऱ्या गावात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागलं होतं, एका मित्राबरोबर खोली घेऊन राहत होतं, आणि त्या मित्राने हप्त्यावर एक स्पीकर घ्यायचं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. स्पीकर म्हणजे कपाटाएवढा. आईचा जीव त्या स्पीकरपाशी अडकला होता. एकदा हप्त्याची सवय लागली, की पगार हातात येण्याआधीच तो दुसऱ्याचा झालेला असतो, हे तिने कचेरीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

*१) खर्च करून उरेल ते वाचवीन, असे म्हणू नये. उरत नाही. आजवर कोणाचे उरलेले नाही.*

(समासात, बाबांच्या अक्षरात: *माझे एकदा उरले होते. हिने पडदे घेतले.*)

*२) पगाराच्या पाच भागांतला एक भाग आधी दुसऱ्या खात्यात टाकावा. त्या खात्याचे कार्ड घेऊ नये.*

*३) मनावर विसंबू नये. दरमहा एक तारखेला रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेच्या अॅपवर देऊन ठेवावी.*

*४) मग राहील त्यात भागवावे. भागते.*

(समासात: *हे चौथं पोराने वाचू नये. बाबा.*)

तिने पत्राचा फोटो काढून पाठवला. पोराचं उत्तर आलं, "वाचलं. अंमलबजावणी करतो." आईने ते शेजारणीला दाखवलं, भाजीवाल्याला दाखवलं. पोराला लेखी न देणाऱ्या आयांची तिला दया यायला लागली.

मध्ये एक महिना गेला. तो गोष्टीत लिहिण्यासारखा नाही, कारण आई अख्खा महिना खुशीत होती.

मग दोन तारखेला पोराने बँकेच्या संदेशाचा फोटो पाठवला. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने सूचना अमलात आली नाही, त्याबद्दल दंड कापला आहे. खाली पोराने लिहिलं होतं, "आई, मी आयुष्यात पहिल्यांदा बचत केली आणि तिचा दंड भरला. स्पीकरवाल्याचा तर पहिला हप्ता माफ आहे."

आईचा चहा गार झाला. तिने आधी बँकेला नावं ठेवली. वाचवणाऱ्याला दंड, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मग तिने पोराला फोन लावला. तुला पगार कधी मिळाला, असं विचारलं. पोरगं म्हणालं, सात तारखेला. मग सात तारखेला पैसे बाजूला का नाही काढलेस?

"तूच लिहिलंयस ना, एक तारीख," पोरगं म्हणालं. "सात तारखेला एक तारीख होऊन गेली होती. म्हणून पुढच्या एक तारखेची सूचना टाकली."

"आणि मधल्या दिवसांत?"

"मधल्या दिवसांत चार नंबर. राहील त्यात भागवलं. सगळं भागलं बघ, काहीच राहिलं नाही."

आईने फोन ठेवला. तिच्या कचेरीत पगार महिना संपतानाच जमा व्हायचा. एक तारखेला खातं तुडुंब. पगार इतर कुठल्या तारखेला होऊ शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोराची कंपनी सातला पगार देत होती, म्हणजे त्याच्या महिन्याची सुरुवात सातला आणि एक तारीख म्हणजे खरकटी भांडी. आधी काढायचा भाग तिने स्वतःच्या हाताने सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला होता.

"घोडा मागे, गाडी पुढे," बाबा म्हणाले.

"तुम्ही तार गुंडाळा."

तिने दुसरा ताव घेतला.

*शुद्धिपत्रक*

*पूर्वीच्या पत्रातील मुद्दा ३ मध्ये 'एक तारखेला' ऐवजी 'पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी' असे वाचावे. चूक या कार्यालयाची आहे.*

पोराचं उत्तर आलं, तेही समास सोडून. शिकवलेलं कुठे जातं?

*महोदया, सात तारखेला रविवार आला तर पगार सोमवारी होतो. आठला सूचना चालली तर पुन्हा दंड. म्हणून मी दहा तारीख ठेवतो.*

दहा! आईने बोटांवर दिवस मोजले. सात ते दहा, भरलेलं खातं आणि तो मित्र.

*शुद्धिपत्रकाचे शुद्धिपत्रक*

*दहा मंजूर नाही. मध्ये दुकाने उघडी असतात. पगाराचा संदेश आला की जागच्या जागी आपल्या बोटाने रक्कम वळती करावी. आपोआपची सूचना रद्द.*

यावर पोराचं उत्तर आलं:

*मान्य. एक अट आहे. त्यानंतर उरलेल्या पैशांचं मी काय केलं, हे आपल्या कार्यालयाने कधीही विचारू नये.*

आई घरभर फिरली. न विचारणं हे तिच्या प्रकृतीतच नव्हतं, रिक्षात शेजारी बसलेल्या बाईलाही ती साडीची किंमत विचारायची. बाबा म्हणाले, सोडून दे, नाही जमणार तुला. त्या एका वाक्यावर तिने लिहून टाकलं: *मान्य.* खाली सही केली. बाबांची साक्षीदार म्हणून घेतली.

सात तारखेला संध्याकाळी ती फोन समोर ठेवून बसली. आमटी करपली, बाबांनी गुपचूप खाल्ली. शेवटी फोटो आला: दुसऱ्या खात्यात पाचातला एक भाग जमा. वर पगार जमा झाल्याचा संदेश होता, आणि दोन्हींच्या वेळेत जेमतेम एका जांभईचं अंतर. तिने तो फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला.

लगेच पोराचा व्हिडिओ कॉल आला. स्पीकर रद्द, तो म्हणाला. हप्ता धरला तर पुढच्या महिन्यात बोटाला वळवायला काही राहत नव्हतं, हिशेब करून बघितला. पण स्वतःला काही घेतलं, रोख. त्याने कॅमेरा खाली नेला. पायांत बूट होते. पिवळे. टाचेत दिवे, पाऊल टाकलं की लुकलुकणारे. मागे मित्र हसून लोळत होता.

"केवढ्याला?" बाबांनी विचारलं.

आईने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "ते आपल्या टेबलाचं काम नाही," ती म्हणाली. मग पोराकडे वळली. तिच्या ओठांवर तोच प्रश्न येऊन उभा होता, बाहेर पडू की नको असं त्याचंही झालं होतं. तिने तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते कशाने हे तिलाच कळेना.

"छान दिसतायत," ती म्हणाली. "चालून दाखव बघू."

पोरगं खोलीभर लुकलुकत फिरलं.

"पावती ठेव जपून," ती म्हणाली. "मी बघणार नाही. पण ठेव."