जुलैपर्यंतचा हक्क

प्रताप नगरातल्या मैनाबाईंच्या अंगणात त्या रविवारी सकाळी मटार सोलणं चाललं होतं. शिकागोहून महिनाभराच्या सुट्टीवर आलेले चंपतराव थोरल्या बहिणीला तिथल्या बाजारातला आपला उद्योग समजावत होते. त्यांची मुलगी पुष्पलता पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. शिकागोच्या वाचनालयात नोकरी करणाऱ्या तिने हे सगळं अनेकदा ऐकलेलं होतं.

"शेअर तू घेतलाच नाही, अन् त्याच्यावर कमाई करून राहिला?" मैनाबाई म्हणाल्या. "डोकं ठिकाण्यावर हाय ना गा तुहं?"

"आयक तं वं बाई. शेअर होता एकशे अठ्ठावीस डॉलरचा. येवढा पैसा कोण गुतवते? मी नुसता हक्क घेतला, जुलैपर्यंत कधीबी शंभरात शेअर घ्यायचा. त्याचे तेहतीस देल्ले. शेअर चढला का हक्कबी जवळपास तेवढाच चढते. म्हणजे शेअरच झाला ना, कमी पैशात!"

"अन् कमाई?"

"दुसऱ्याले मी जानेवारीपुरता हक्क विकला, माह्याकडून एकशे पस्तीसात घ्यायचा. त्याचे तीन आले. शेअर तेवढा चढला नाही अन् महिना खाली गेला का ते तीन आपले. मंग पुढचा विकायचा."

"अन् त्यानं मागतला तं? तुह्यापाशी शेअर कुठी हाय?"

चंपतराव खळखळून हसले. "पाह्य लता, तुही आत्या शिकागोत असती तं दलालाची नोकरी गेली असती! त्यानं मागायच्या आधीच तो हक्क वापस विकत घ्यायचा वं, अन् लंबी तारखेचा, जास्त भावाचा विकायचा."

शेअर आता एकशे बेचाळीसवर गेला होता आणि जानेवारीची मुदत शुक्रवारी संपत होती. सोमवारी तार ऑफिसातून फोन करायचा, असं ठरलं. लताच्या नावाने सौद्याचा अधिकार लिहून दिलेला होता, तरी फोन ते स्वतःच करायचे. दलालाशी घासाघीस केल्याशिवाय त्यांना करमत नसे.

दुपारी मटारभात जेवून ते आडवे झाले. चहाला हाक मारली तर उठले नाहीत.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. जो येई त्याला मैनाबाई रडत सांगत, आणि लता शेजारी बसून मान हलवी. कुणी तिला विचारलं तर ती म्हणे, "हो." एवढंच. वाक्य पुरं करण्याची वेळ तिच्यावर आली नाही, किंवा तिने येऊ दिली नाही.

बुधवारी रात्री आठच्या सुमारास ती उठली आणि चप्पल घालू लागली. शिकागोत आता बाजार उघडत होता.

"मीबी येतो," मैनाबाई म्हणाल्या. रिक्षात त्या हळूच बोलल्या, "चंपतचं येवढं काम करून टाक वं. बाकी मंग सांगजो त्या दलालाले."

अधिकारपत्र लताने वाचलेलं होतं. बाबा आहेत तोवरच ते चालणार होतं. ते नाहीत हे कळलं की खातं गोठणार. मग शुक्रवारी जानेवारीचा हक्क घेतलेला माणूस शेअर मागणार, दलालाची कंपनी जुलैचा हक्क वापरून तो शंभरात घेणार आणि एकशे पस्तीसला देऊन टाकणार. तोटा नव्हता, आलेले तीन वजा जाता तीस घालून पस्तीस येत होते. पण जुलैपर्यंतचे महिने बाबांनी पैसे देऊन घेतले होते, तेच संपणार होते. त्यांचं अजून चालू असलेलं एवढंच उरलं होतं.

फोन लागायला तास गेला. खरखरीतून दलालाचा, हॅन्सनचा आवाज आला.

"मिस लता! म्हातारा कुठे आहे? त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही."

"भाव सांगा," ती म्हणाली.

"जानेवारी वापस घ्यायला साडेसात. एप्रिलचा, एकशे पंचेचाळीसचा विकला तर साडेसहा मिळतील. एक डॉलर खिशातून जाईल, त्यावरून तो आठवडाभर भांडेल. करू?"

एका शब्दाचं काम होतं. एप्रिलपर्यंत बाबा हॅन्सनच्या हिशोबात भांडत राहिले असते. फोनच्या खोलीच्या काचेपलीकडून मैनाबाई मान हलवत होत्या, 'हो म्हण'.

"मिस लता? करायचं ना? की त्याला विचारतेस?"

"त्यांना विचारता येणार नाही," ती म्हणाली.

"काय? काही ऐकू येत नाही!"

परदेशी फोनवर सगळे ओरडूनच बोलतात. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाबा गेले," ती मराठीतच ओरडली, आणि हॉलमधली माणसं वळून पाहू लागली तशी तिने तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं, "माझे वडील वारले. रविवारी. दुपारी झोपेत."