नाव नसलेला पाणबुड्या

मी एक जुना नायक आहे. राजाबिजा नव्हे, व्हिडिओ गेममधला. ज्या संगणकात मी जन्मलो त्याचा पंखा आता गल्लीत ऐकू जाईल इतका घरघरतो, इतका मी जुना. पण मित्रांनो, एवढं आयुष्य गेलं तरी माझं बारसं झालं नव्हतं. फाइलमध्ये मला ‘टेंप’ म्हणत. टेंप म्हणजे तात्पुरता. पोटच्या पोराला कुणी तात्पुरता म्हणतं का, तुम्हीच सांगा!

गंगेकाठी बालाजी घाटावरच्या गल्लीत देवश्री आणि बिंदुमाधव हे दोघं गेम बनवतात. गोष्ट आणि चित्रं तिची, संगणकाचं काम त्याचं. देवश्रीच्या अन्नपूर्णामावशीने तिला लहानपणी एक गोष्ट सांगितली होती. गंगेला पूर आला की बुडुआ, म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत, माणसांचे पाय धरून त्यांना तळाशी ओढतं. तेव्हा एक पाणबुड्या खाली जातो आणि त्यांना सोडवून आणतो. तो पाणबुड्या म्हणजे मी.

रोज त्याच पायरीवरून उडी, तोच तळ, तोच बुडुआ. चूक झाली की मी मरायचो आणि पुन्हा त्याच पायरीवर उभा राहायचो. बघायला येणारे म्हणत, पाणी काय सुरेख केलंय! पाण्याचं कौतुक, आणि त्यात गुदमरणारा मी कुणाच्या खिजगणतीत नाही. काचेमागून मी सगळं बघत होतो. बाहेरची वाट मात्र नव्हती.

गेम बाजारात आणणारी कंपनी पुण्याची. तिने निरोप पाठवला: आवाजांचं रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी नायकाचं नाव ठरवा. संवादांत बाकीची पात्रं नायकाला हाक मारतात. मागाहून नाव बदललं तर ते सगळे संवाद पुन्हा बोलून घ्यावे लागतात. नाव ठरलं नाही, तर त्यांच्याकडचा एक तयार तलवारवाला माझ्या जागी उभा राहणार होता. आणि मी? मी पुसला जाणार होतो. मला फार भीती वाटली.

देवश्रीने आधी ‘पाणबुड्या’च लिहिलं. ते माझ्या डोक्यावरच्या पट्टीत मावेना, आणि गेमच्या अक्षरांत ‘ड्या’ फुटून भलतंच काही दिसू लागलं. मग तिने ते कापून ‘बुड्या’ केलं आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं. गेमच्या दुकानात शोधलं, नोंदणी झालेल्या नावांतही पाहिलं. कुणी घेतलेलं नव्हतं. दोघं खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू?

मग गंगेपलीकडच्या रामनगरहून शाळेतली मुलं खेळून बघायला आली. पट्टीवर इंग्रजी अक्षरांत नाव होतं. त्यांच्यातल्या रुचीने ते वाचलं आणि विचारलं, “दीदी, हीरो का नाम बुढ़िया क्यों है?”

सगळी पोरं हसून लोळली. इंग्रजी अक्षरांत ‘ड’ आणि ‘ढ’ कुठला ओळखू येतोय! घरात मराठी बोलणाऱ्या दोघांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मी मात्र त्या पायरीवर, म्हातारी होऊन, मान खाली घालून उभा.

संध्याकाळी देवश्री रडवेली होऊन मावशीकडे गेली. तिच्या फोनातही गेम होता, म्हणून मी होतोच. तिने विचारलं, गोष्टीतल्या पाणबुड्याला लोक हाक काय मारायचे?

मावशी कोथिंबीर निवडत म्हणाली, “अगं, नाव त्याला कुठलं? तो बुडत्याला घेऊन वर आला की काठावरची माणसं म्हणायची, तारू आलं.”

तारू म्हणजे होडी. हिंदीतही तारणं कळतंच. बिंदुमाधवने इंग्रजीत ते दोन ‘ए’ घालून लिहिलं, नाहीतर कुणी ‘तरू’ वाचेल. पट्टीत मावलं. शोधून पाहिलं, मोकळं होतं.

मुलं पुन्हा आली. देवश्रीने बिंदुमाधवला बजावलं, मुलांना नावाबद्दल काही विचारायचं नाही. ती आपणहून काय म्हणतात ते ऐकायचं. कारण आधी सगळी मला ‘अबे ये वाला’ म्हणायची. रुची खेळत होती. पंचगंगा घाटाच्या बुडालेल्या पायऱ्यांखाली मी अडकलो. बुडुआने पाय धरला, श्वासाची पट्टी संपत आली. मला वाटलं, झालं, पुन्हा मरण.

रुची खुर्चीतून उठली. “तारू, ऊपर आ ना. तारू!”

ती बटणं दाबत होती हे मला ठाऊक आहे. तरी मी वर आलो तो हाकेने आलो, असंच मी म्हणेन. पदर नव्हता म्हणून देवश्रीने तोंडावर ओढणी धरली आणि ती रडली.

मित्रांनो, आता मी तुमच्या फोनांत आहे. पण एक सांगतो. बिंदुमाधवने आतलं नाव बदललेलं नाही. बदललं तर शंभर ठिकाणी काहीतरी मोडतं म्हणे. म्हणून आत, अंधारात, मी अजून टेंपच आहे. तुमच्याजवळही कुणी असेल, ज्याला सगळे ‘अरे, ए’ म्हणून बोलावतात. त्याला नावाने हाक मारा. तो कुठल्या पायरीखाली अडकलाय, तुम्हाला काय माहीत?