सगळे आवाज, अब्बा वजा

डावीकडून

मिक्सरचा पहिला चॅनेल प्रियदर्शनीचा. दुसरा साजिदचा. तिसरा अब्बांचा.

पहिल्या दोघांचे माईक टेबलावर होते. तिसऱ्या चॅनेलला माईक नव्हता, लॅपटॉपमधून आलेली वायर होती. लॅपटॉपच्या पलीकडे पुणं, पुण्यात साजिदची बहीण समिना, आणि तिच्या घरात, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिथंच असलेले अब्बा. खाजामियाँ. त्यांच्या कानावर समिनाने हेडफोन चढवला होता आणि त्यांनी दोनदा विचारलं होतं की हा टोपीवरून घालायचा की टोपीखालून.

खोली बीडला बशीरगंजात, घरच्या दुकानाच्या वर. खाली भाड्याने द्यायचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर, वर भिंतींना मंडपवाल्याच्या रजया ठोकून केलेला स्टुडिओ. प्रियदर्शनी गेवराईकडच्या शेतकरी घरातली, कॉलेजात प्राध्यापिका. जिल्ह्यातल्या जुन्या कामधंद्यांवर ती पॉडकास्ट करायची, रेकॉर्डिंग साजिद बघायचा आणि हल्ली शेजारी बसून अधूनमधून बोलायचाही. भाग ऐकणारे वाढले होते. भोंग्यांवरचा भाग करायचं ठरलं तेव्हा तिनेच विचारलं, तुझ्या अब्बांना का नाही बोलवत.

साजिदने बरेच दिवस टाळलं. डोळ्याचं कारण सांगितलं, नेटचं सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही.

तिसऱ्या चॅनेलचं ऑक्सचं बटण

लग्नातला गाणारा असो की कव्वाल, स्टेजवर चढला की पहिलं एकच सांगतो, माझा आवाज मला द्या. त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमध्ये त्याचाच आवाज सोडावा लागतो, नाहीतर त्याला आपण कुठं आहोत ते कळत नाही. तो आवाज मिक्सरमधून वेगळा काढतात, ऑक्सच्या बटणांनी. प्रत्येक चॅनेलला एक बटण, ज्याचं जितकं फिरवाल तितका तो त्या स्पीकरमध्ये. साजिदचे हात हेच करत मोठे झाले होते.

म्हणून ऑक्समधून निघालेली वायर त्याने लॅपटॉपला लावली, म्हणजे ती अब्बांच्या कानात गेली, आणि तिन्ही बटणं सारखी वर केली. प्रियदर्शनी, साजिद, अब्बा.

अब्बांनी सलाम केला. नाव सांगितलं. मग थांबले. परत नाव सांगायला लागले आणि अर्ध्यात अडखळले. माझ्यामागून कुणीतरी माझंच बोलतंय, म्हणाले. मी थांबलो तरी ते थांबत न्हाई.

त्यांचा आवाज पुण्याहून बीडला येऊन मिक्सरमधून परत पुण्याला जात होता आणि त्यांच्याच कानात उशिरा पडत होता. प्रियदर्शनी म्हणाली की लांबच्या पाहुण्याला सगळे ऐकू जायला हवेत, फक्त तो स्वतः सोडून, असं तिने कुठंतरी वाचलं होतं. साजिदचे कान तापले. भोंगेवाल्याचा पोरगा, आणि हे एका प्राध्यापिकेने सांगावं. तसं तिने सहज सांगितलं होतं. त्याने तिसरं बटण शून्यावर आणलं. पहिली दोन राहू दिली.

आता बरं हाय, अब्बा म्हणाले. आता तुमीच हाव फक्त.

ऑक्सच्या शेजारी एक छोटं बटण असतं, प्री नावाचं. दाबलेलं असलं की आवाज फेडरच्या आधीच उचलला जातो. फेडर म्हणजे चॅनेलची खालची सरकती दांडी. दांडी तळाला नेली तर रेकॉर्डिंगमधला आवाज बंद होतो, पण ऑक्सकडे जाणारा चालूच राहतो. स्टेजवर तसंच हवं असतं. समोर लोकांसाठी आवाज कमीजास्त करा, गाणाऱ्याला त्याचा पत्ता लागता कामा नये. हे साजिदला अब्बांनी शिकवलं होतं. ते बटण त्याने सवयीने दाबलं होतं आणि आता त्याच्या ध्यानातही नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये

अब्बांना लय सापडली. प्रियदर्शनीने नारायणगडच्या यात्रेचं विचारलं, आणि ते बराच वेळ बोलणार हे दिसताच साजिदने पहिली दोन्ही फेडर खाली ओढली. खुर्ची करकरते, कागद वाजतात, ते रेकॉर्डिंगमध्ये नको. त्याच्या हेडफोनमधून त्याचा स्वतःचा श्वासही नाहीसा झाला. आता खोली बंद, असं त्याला वाटलं. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पुढचा वेळ फक्त अब्बा आहेत.

"दिवस मावळला आन लाईट गेली. गडावर माणूस मावत नव्हतं. कुणीतरी ओरडलं, वायर तुटली, करंट आला. झालं. माणसं पळाया लागली. बाया, लेकरं, म्हातारी. आमचा सेट बॅटरीवर हुता, तो चालूच. मी माईक हातात घेतला. म्हणलं, मायबाप हो, जिथं हाव तिथं खाली बसा. करंट न्हाई, काई न्हाई. खाली बसा. घसा फुटस्तोवर म्हणलं. आन बसले की. एकाचं बघून एक. एवढी जत्रा माझ्या आवाजावर खाली बसली."

मग काही नाही.

"हां."

मग पुन्हा काही नाही. लांब कुठंतरी समिनाच्या घरातली कुकरची शिट्टी.

"पाणी पितो जरा."

त्याच वेळी, अब्बांच्या कानात

साजिद म्हणाला, "हे त्यांनी केलेलं न्हाई."

"म्हणजे?"

"माईक जाकीरचाचांकडं होता, अब्बांच्या जोडीदाराकडं. आवाज त्यांचा. आख्ख्या बशीरगंजाला ठाऊक हाय. अब्बा मागं बॅटरीपाशी बसले होते, वायर धरून."

प्रियदर्शनी हसली. "वायर धरून?"

"दर ईदला ही गोष्ट थोडी थोडी पुढं सरकते. आधी बॅटरीपाशी होते, मग माईकच्या शेजारी आले. आज माईक हातातच आला."

"पण सांगतात किती छान."

"सांगणारच. जन्मभर दुसऱ्याच्या मागं बॅटऱ्या उचलल्या, आता सांगायला तरी माईक नको का? बोलू दे त्यांना. मी नंतर कापतो. जाकीरचाचा गेले, पण त्यांची पोरं हे ऐकतील. मला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

"शू. थांबलेत ते."

"नेट असंल."

पुन्हा तिन्ही

नेट नव्हतं.

अब्बांनी पाणी पिऊन ग्लास ठेवला, त्याचा आवाज आला. मग त्यांनी घसा साफ केला. दुकानात गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं की ते असाच घसा साफ करायचे आणि हळू बोलायचे.

"ताई, मघाशी सांगितलं ते कापा. पोरगं खरं बोलतंय. माईक जाकीरच्या हातात हुता."

प्रियदर्शनीने साजिदकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. साजिदने फेडरांकडे पाहिलं. दोन्ही तळाला. मग त्याची नजर वर सरकत ऑक्सपाशी आली, आणि ते छोटं बटण दाबलेलं दिसलं.

सगळे आवाज. फक्त अब्बा वजा. त्याने जसं लावलं होतं, तसंच चाललं होतं.

लाज अंगावर येते तेव्हा माणूस आधी हाताला काम शोधतो. साजिदने ते छोटं बटण दाबून वर केलं. आता ऑक्सला जाणारा आवाज फेडरच्या नंतरचा झाला, आणि फेडर तर तळाला होती. अब्बांच्या कानात बीडची खोली एकदम बंद झाली.

"हॅलो," अब्बा म्हणाले.

आता काहीही बोललं तरी त्यांना जाणार नव्हतं. प्रियदर्शनी हळूच म्हणाली, साजिद, मी हसले रे. मी का हसले. त्याला म्हणता आलं असतं की चूक माझी. किंवा बटणाची. बटणाची म्हणणं सगळ्यात सोपं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बटण नसतं दाबलेलं तर अब्बांना कळलं नसतं. त्याने बोललेलं मात्र तसंच राहिलं असतं, त्या रजयांमध्ये, आणि रात्री फोनवर तो त्यांना म्हणाला असता, अब्बा, लई भारी झालं.

"हॅलो. समिना, बघ गं. गेले का हे लोक? मघाशी खुर्चीबी ऐकू येत हुती." मग अब्बा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "रागावले असतील. चुकीचं सांगितलं मी."

ते माफी मागत होते. त्यांना वाटत होतं, खोटं बोलल्याबद्दल आपल्याला बंद केलंय.

प्रियदर्शनीने आपल्या फेडरकडे हात नेला. साजिदने मानेनं नको म्हटलं. त्याने दुसरं फेडर वर केलं, स्वतःचं. हेडफोनमध्ये त्याचा श्वास परत आला, मोठा आणि ओला, आणि तो आता रेकॉर्डिंगमध्येही जात होता.

"अब्बा."

"हां, बोल. हाव का तुमी?"

"हाव." पुढचं त्याला पॉडकास्टच्या भाषेत सुचेना. "अब्बा, वायर काहून धरून बसले हुते तुमी?"

हा प्रश्न त्यांना घरात कधी कुणी विचारला नव्हता. जाकीरचाचांचा आवाज सगळे सांगायचे, आणि वायर आली की सगळे हसायचे.

"क्लिप तुटली हुती," ते म्हणाले. "बॅटरीची. जाकीर बोलाया लागला आन आवाज जाया लागला, मधीच. मग मी वायर हातानं दाबून धरली. तापली लई. सोडली असती तर त्याचा आवाज गेला असता. मला पळावं वाटत हुतं, खोटं कशाला सांगू, समदे पळत हुते. पर वायर हातात. पळू कसा?"

साजिदला त्यांचा उजवा अंगठा आठवला. त्यावरचा काळा चकचकीत डाग त्याला लहानपणापासून माहीत होता. सोल्डरिंगच्या चटक्याचा असेल असं तो धरून चालला होता.

"हे कापू नको," अब्बा म्हणाले. मग जरा थांबून, "का कापायचं हाय?"

"न्हाई, अब्बा."

"आन जाकीरचं नाव नीट घे. पोरं हायेत त्याची."

"घेतो."

प्रियदर्शनीने आता आपलं फेडर वर केलं. नुसती हं म्हणाली, म्हणजे त्यांना कळावं की ती आहे. अब्बांनी पुढं बॅटरीचं सांगितलं, ती चढणीवर कशी नेत, जाकीर पुढं माईकची पेटी घेऊन कसा गात जाई. मधेच थांबले.

"साजिद."

"जी."

"मघाशी तू बोललास, ते ह्याच्यात आलं का? रेकॉर्डिंगमधी?"

साजिदने मीटरवर आपल्या चॅनेलचे हिरवे दिवे बघितले. ते त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होते.

"न्हाई, अब्बा. ते फक्त तुमच्याकडं आलं."

"मंग राहू दे," अब्बा म्हणाले. "हितंच राहू दे."