तक्त्यावरचा ‘ये’

दादासोचा छापील गोष्टीवर फार विश्वास. तोंडी सांगितलेलं माणूस फिरवतो, छापलेलं कुणाच्या बापाला फिरवता येत नाही, असं त्याचं मत होतं. त्यातून ते प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलेलं असेल, तर बोलायलाच नको. म्हणूनच मिरजेच्या दवाखान्यात लेकीचे कान तपासून झाल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं, पण भिंतीवरच्या खुणांच्या तक्त्याचा फोटो मात्र ट्यूबलाइटखाली पाय रोवून, श्वास रोखून काढला. वर इंग्रजी अक्षरं हातांनी कशी दाखवायची त्याची चित्रं होती, खाली रोजच्या खुणा: आई, बाबा, पाणी, जेवण, झोप, ये, जा.

तेव्हापासून आटपाडीच्या माळावर मेंढरांमागं फिरता फिरता त्यानं तो तक्ता पाठ केला. स्वतःची इंग्रजी शाळेबरोबरच सुटलेली, तरी लेकीच्या नावाची अक्षरं त्यानं मेहुण्याकडून लिहून घेतली आणि एकेक करून स्वप्नालीला शिकवली. पहिलं अक्षर दोन करंगळ्या एकमेकींत अडकवून होई. सहा वर्षांच्या स्वप्नालीला ते फार आवडलं. ती दिवसभर करंगळ्या अडकवून ओढाओढी करायची. पोरगी नाव लिहायला लागली म्हणून दादासो गावभर सांगत सुटला. बायको राणी म्हणाली, “आवं, ती खेळतीया.” पण राणीचं म्हणणं कुठं छापलेलं नव्हतं.

आज सोमवार. तिघं सांगलीत, विश्रामबागेतल्या मूकबधिर शाळेत बसली होती. स्वप्नालीला वसतिगृहात ठेवायचं होतं. ट्रंक दाराशी होती, नाव दाखल झालं होतं, कानाच्या मशीनची नोंद झाली होती, आणि चारुशीलाबाई, पहिलीच्या शिक्षिका, म्हणाल्या होत्या की काही विचारायचं असेल तर विचारा. दादासोनं मोबाइल काढून तक्ता त्यांच्यापुढं धरला.

“बाई, हे समदं पाठ हाय. फकस्त एक घावंना. ‘मी शनवारी येतो’, हे ह्यात कुटं हाय?”

त्याला एवढंच हवं होतं. ते मिळालं नाही तर लेकीला ट्रंकेसकट परत न्यायची, असं त्यानं एसटीतच ठरवलं होतं, आणि त्याला कारण होतं. मेंढरांचा व्यापारी आला की हवी ती मेंढरं बाजूला काढतो, त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा फराटा ओढतो आणि टेम्पोत घालून नेतो. रंग लागलेलं मेंढरू परत येत नाही. स्वप्नालीनं हे रांगायच्या वयापासून बघितलेलं. त्यासाठी तिची तिनं एक खूण केली होती: तळहात पाठीवरनं खाली ओढायचा. आवडतं कोकरू गेलं तेव्हा ती दिवसभर सगळ्यांना तेवढंच करून दाखवत होती. पुढं दिवाळीनंतर तिला आत्याकडं ठेवली, तर तिनं स्वतःच्या पाठीवरनं हात ओढला आणि अन्नाला शिवली नाही. आत्याच रडत तिला परत घेऊन आली. आणि आज पहाटे, राणी ट्रंक भरत असताना, स्वप्नालीनं खांद्यावरनं हात मागं नेऊन पुन्हा तेच केलं होतं. दादासोनं बघून न बघितल्यासारखं केलं. 

चारुशीलाबाईंनी फोटो मोठा करून बघितला.

“दादासो, ही वरची अक्षरं आपल्याकडचीच आहेत. बरीचशी दोन हातांनी, एखाददुसरं एका हातानं. एका हाताचा अमेरिकेतला तक्ता आणतात पुष्कळजण, तुम्ही बरोबर आणलात.”

दादासोनं राणीकडं बघितलं.

“पण ही अक्षरं म्हणजे तिची भाषा नव्हे. ज्याला खूण नाही असं एखादं नाव, गाव सांगायचं असलं की अक्षरं लावतात. ती वाचायला लागली की तिला कळतील. आत्ता तुम्ही ‘शनिवार’ अक्षरं लावून सांगितलात, तर तिला तुमची बोटं हलताना दिसतील, बस्स.”

“म्हंजे करंगळीचं...”

“ती खेळत असेल.”

राणीनं पदर नीट केला. तेवढ्यावर भागवलं, हे तिचं मोठेपण.

“आणि ह्या खालच्या?” दादासोनं बोट खाली सरकवलं. “आईची नाकाशी, चमकीची. बाबाची मिशीची. ह्या चालत्यात का?”

“चालतात. ‘ये’ करून दाखवा बरं.”

दादासो ताठ बसला. हात पुढं धरला आणि आणखी पुढं ढकलला.

“आता ‘जा’.”

त्यानं हात छातीशी धरला आणि आणखी जवळ ओढला.

 बाईंनी मुलीकडं बघून बोट आपल्याकडं ओढत तिला बोलावलं. कोपऱ्यात बसलेली स्वप्नाली उठून त्यांच्याजवळ गेली. “आता तुम्ही बोलवा,” बाई म्हणाल्या. दादासोनं तक्त्याप्रमाणं हात पुढं ढकलला. स्वप्नाली शहाण्या मुलीसारखी वळली आणि दाराबाहेर निघून गेली.

“घरी पण असंच करती,” दादासो म्हणाला. “लय हट्टी हाय.”

“हट्टी नाही हो, ऐकते आहे तुमचं!” बाईंनी मोबाइल त्याच्याकडं फिरवला. “हे चित्र बघा. चित्रात हात कुठनं निघतो ते काढलंय. तो जातो कुठं, ते बाणानं दाखवतात. तुमच्या फोटोत ट्यूबलाइट चमकलीय, नेमकी बाणांवर. ‘ये’चा हात लांबून निघून आपल्याकडं येतो. ‘जा’चा छातीपासून निघून लांब जातो. तुम्ही निघायची जागाच मुक्काम धरलीत.”

दादासोनं फोटो नाकाला लावून बघितला. दोन्ही चित्रांच्या शेजारी पांढरा उजेड होता, त्यात काहीच नव्हतं.

“आवं, पण आदी मी तिला हात हलवूनच बोलवायचो की. तवा येत होती.”

“मग ते का सोडलंत?”

“ते छापलेलं नव्हतं,” राणी म्हणाली.

दादासोला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं दुसरंच येत होतं. आज फाटकाशी उभं राहून, पाठ केलेलं सगळं घडाघडा करून, त्यानं लेकीला ‘मी येतो’ म्हणून जे सांगितलं असतं, ते काय झालं असतं? मी जातो. आणि परत परत, समजावून: जातो, जातो, जातो. त्यानं मोबाइल खिशात टाकला.

“मग आता कसं सांगू, बाई?”

“आधी तो ताठ चेहरा सैल सोडा. खुणांत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. प्रश्न विचारताना भुवया वर जातात. तुम्ही पाणी हवंय का विचारताना पण पंचनाम्याला उभं राहिल्यासारखे दिसत असाल. आणि शनिवार तिला अजून माहीत नाही. रात्र माहीत आहे. झोपेची खूण करा, एक बोट मिटा. पाच झोपा झाल्या की ‘ये’. पण परत येणं म्हणजे काय, हे तिला आधीपासून ज्यातनं कळतं, ते लागेल. घरी तिच्या तिच्या खुणा काय आहेत?”

“तसं काय न्हाई,” दादासो म्हणाला.

“हाय की,” राणी म्हणाली आणि सांगायला लागली. मेंढी म्हणजे कानाशी वाकडी मूठ. कोकरू म्हणजे तीच मूठ, पण छातीशी धरलेली. वाघर, म्हणजे रात्री कोकरं कोंडायचं जाळ्याचं कुंपण, ते बोटांत बोटं अडकवून. आणि पाठीवर हात. तिथनं पुढचं दादासोनं सांगितलं. टेम्पो, रंग, आत्याचं घर, आजची पहाट, सगळं. शेवटी म्हणाला, “तिला वाटतंया आमी तिला इकली.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “कोकरं वाघरीत असताना मेंढ्या कुठं असतात?”

“चरायला.”

“आणि संध्याकाळी?”

“माघारी येत्यात, कोकरांकडं,” म्हणता म्हणताच दादासो उठला. तसाच बाहेर गेला.

स्वप्नाली फाटकाशी ट्रंकेवर बसली होती. ट्रंक कुणी आणि कधी तिथं नेली, कुणास ठाऊक. बापाला बघताच तिनं खांद्यावरनं हात मागं नेला.

दादासो तिच्यापुढं उकिडवा बसला. आधी तिच्या पाठीवरनं आपला तळहात वरनं खालपर्यंत ओढला आणि तिच्या तोंडापुढं धरला. कोरडा. रंग नाही. तिनं तळहात धरून उलटा करून बघितला, मागची बाजूही तपासली. तिचाही तसा लगेच विश्वास बसत नसे, लेक कुणाची!

मग त्यानं छातीशी मूठ धरून तिच्याकडं बोट केलं: तू कोकरू. शाळेकडं बघून बोटांत बोटं अडकवली: ही वाघर. कानाशी मूठ धरून स्वतःच्या मिशीला हात लावला: मी मेंढी. फाटकाशी उभा असलेला शिपाई हे सगळं बघत होता, पण दादासोला त्याचं काही वाटलं नाही. हात छातीपासून लांब नेला, गवत खाल्लं, अगदी तोंड हलवून खाल्लं. गालाखाली हात घेऊन झोपला, एक बोट मिटलं. पुन्हा झोपला. मूठ पुरी मिटली तेव्हा त्यानं हात लांब केला आणि आपल्याकडं ओढून आणला. ये.

स्वप्नालीनं भुवया वर केल्या.

त्यानं मान हलवली. व्हय.

ती रडली, नाही असं नाही. पण चारुशीलाबाईंचा हात धरून आत गेली, आणि दुपारी जेवली, असं बाईंनी फोन करून सांगितलं. त्या आठवड्यात दादासोनं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि आपण तळावर बसून राहिला. लेक बोटं मिटत असणार आणि परतायला आपल्याला एक जरी रात्र जास्त झाली तरी घात, या धास्तीनं त्याला चरायला लांब जाववेना.

शनिवारी पहिल्या एसटीनं तो सांगलीत उतरला. फाटक उघडायच्या आधीच तिथं उभा होता. मुलं बाहेर आली, त्यांत स्वप्नालीही दिसली. त्यानं हात लांब करून आपल्याकडं ओढला, बाणाप्रमाणं.

ती आली, पण त्याच्या कुशीत शिरली नाही. त्याच्या बाजूनं वळून मागं गेली. दादासोला वाटलं, रुसली. मग त्याला पाठीवर लहानसा तळहात जाणवला, वरनं खालपर्यंत हळूच ओढलेला. ती पुढं आली, तळहात उन्हात धरून नीट बघितला, आणि मग त्याच्या तोंडापुढं धरला. कोरडा होता, रंग नव्हता.

पाच रात्री तिला घोर कुणाचा होता, ते दादासोला तेव्हा कळलं. त्याला रडू फुटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायला या वेळी बाईंना शिकवावं लागलं नाही.