पोत सापडली, मथळा हरवला

आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर मथळे आणि त्याखालची सारांशाची ओळ मी लिहितो. बायको, तनुजा, गेल्यापासून दुपारी शहागंजात चांदपाशाच्या हॉटेलात जेवतो. एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही.

तिच्या वर्षश्राद्धासाठी मी रजेवर होतो, तेव्हा हे झालं. लासूर स्टेशनच्या आशाबाई त्या हॉटेलात सोन्याची पोत विसरल्या. चांदपाशाने ती जपून ठेवली आणि परत केली. आमचे संपादक इंद्रजीत यांनी मथळा दिला: ‘शहागंजच्या पाशा हॉटेलात सापडलं असं काही, की सगळेच हादरले’.

बातमी उघडणाऱ्यांपेक्षा नुसता मथळा पुढे पाठवणारे जास्त निघाले. पोत कोणाच्याच डोक्यात आली नाही. जेवणात पाल सापडली, असंच सगळ्यांनी धरलं. हॉटेल ओस पडलं. चांदपाशा कार्यालयात आला.

“मैंने पोत वापस की साहेब,” तो म्हणाला, “और पब्लिक छिपकली का पूछ रही. होटल बंद करूं क्या?”

इंद्रजीतनी मथळा बदलला. लोक शहर दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून दोन्ही घातली: ‘छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद): शहागंजच्या पाशा हॉटेलात सापडली सोन्याची पोत, मालकिणीला परत’. शब्द न् शब्द खरा. पण गुगल लांब मथळा शेवटाकडून कापतं. फोनवर मथळा ‘सापडली सोन्याची पोत’ इथेच संपला, ‘मालकिणीला परत’ दिसेना.

मग पोत मागणारे आले. एकाने बायकोचा लग्नातला फोटो आणला. छावणीतला एकजण म्हणाला, “आमची अजून हरवली नाय, पण नाव लिहून ठेवा.” सगळी टेबलं त्यांनी धरली आणि नुसतं पाणी मागवलं. जेवायला आलेली माणसं दारातून परत जाऊ लागली.

रजा संपवून मी कामावर आलो. घरी मी काही रंगवून सांगायला लागलो की तनुजा म्हणायची, “आधी काय झालं ते सांगा, मग वाढते.” तसंच लिहिलं: ‘सोन्याची पोत आशाबाईंना परत; शहागंजच्या पाशा हॉटेलात विसरली होती’. शहराची दोन्ही नावं, लासूर स्टेशन आणि चांदपाशाचं नाव सारांशाच्या ओळीत घेतलं. आधीचा मथळा दिशाभूल करणारा होता, हेही बातमीखाली नोंदवलं.

इंद्रजीतनी विचारलं, “सगळं वरच सांगितलं तर आत कोण येणार?”

“हॉटेलात येतील,” मी म्हणालो.

पान पुन्हा तपासा असं गुगलला कळवलं. ते त्याच्या सवडीने तपासतं. तोवर मी जेवता जेवता येणाऱ्याला नवा मथळा वाचून दाखवत होतो. काहींनी माझ्यावरच पोत दडवल्याचा संशय घेतला.

शेवटी गुगलवर मथळा बदलला. दुपारी एक गिऱ्हाईक आलं आणि जेवणाची ऑर्डर दिली. चांदपाशाने भीतभीत विचारलं, बातमी वाचली का?

“उघडली नाय,” गिऱ्हाईक म्हणालं. “मथळ्यातच कळलं की. नान गरम आणा.”

चांदपाशा पळतच भट्टीकडे गेला.